लग्नाच्या फोटोंचे रिटचिंग: ठरलेल्या रकमेत किती, जादा कशाचे

लग्नाचे फोटो निवडीसाठी पाठवताना फोटोग्राफर ग्राहकाला जो ई-मेल लिहितो, त्यात एक प्रश्न आधीच निकाली काढायचा असतो. संगणकावर फोटोंवर होणाऱ्या कामापैकी किती काम ठरलेल्या रकमेत बसते आणि कशाचे वेगळे पैसे पडतात? कोटेशनमध्ये बहुतेक वेळा नुसते ‘एडिट केलेले फोटो’ एवढेच लिहिलेले असते. ग्राहक त्याचा अर्थ घेतो की मागच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या जातील, आजोबांचे मिटलेले डोळे उघडतील आणि आत्याचे पोट आत जाईल. फोटोग्राफरच्या मनात असते रंग आणि उजेड नीट करणे. अल्बम तयार होईपर्यंत ही तफावत कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तोवर दोन्ही बाजूंचा वेळ गेलेला असतो.

मुळात ही दोन वेगवेगळी कामे आहेत. पहिले कलर करेक्शन. कॅमेऱ्याने टिपलेल्या रॉ फाइलमध्ये सेन्सरने नोंदवलेली जवळपास सगळी माहिती शिल्लक असते, त्यामुळे फोटो काळोखा आला असेल तर उजळता येतो, पिवळसर आला असेल तर पांढरा रंग पांढरा दिसेल असा करता येतो, तिरका असेल तर सरळ करता येतो. मंगल कार्यालयात या कामाला पर्याय नसतो. छताला ट्यूबलाइट, व्हिडिओवाल्याचा हॅलोजन, खिडकीतून येणारे ऊन आणि फोटोग्राफरचा फ्लॅश हे चार प्रकारचे उजेड एकाच चेहऱ्यावर पडतात, आणि प्रत्येकाचा रंग निराळा असतो. पण एका जागी, एका उजेडात काढलेल्या चाळीस फोटोंपैकी एक नीट केला की त्याची मापे उरलेल्यांना लावता येतात. हाताने थोडी दुरुस्ती करावी लागते, तरी सरासरीने एका फोटोला मिनिटभर पुरतो.

दुसरे काम रिटचिंगचे. त्यात एकेक फोटो मोठा करून त्यातला एकेक भाग हाताने दुरुस्त करावा लागतो आणि एका फोटोवर केलेले काम दुसऱ्याला लावता येत नाही. कलर करेक्शन ही सगळ्या कपड्यांना केलेली इस्त्री असेल, तर रिटचिंग हे एकेका कपड्याचे रफू आहे. फिल्मच्या काळात निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलीने रिटचिंग होई, पण ते स्टुडिओत मोठ्या निगेटिव्हवर काढलेल्या फोटोंचे. लग्नात वापरल्या जाणाऱ्या 35 मिलिमीटर फिल्मवर चेहरा इतका बारीक असे की पेन्सिल चालवायला जागाच नसे. म्हणून त्या काळी लग्नाचा फोटो जसा आला तसा लोक घेत. फोटोशॉपची पहिली आवृत्ती 1990 साली आली आणि 2002 साली त्यात डाग पुसून आजूबाजूच्या त्वचेशी आपोआप मिसळणारा हीलिंग ब्रश आला, तेव्हापासून लग्नातल्या कोणत्याही फोटोला हात लावणे शक्य झाले. शक्य झाले, पण त्याला लागणारा वेळ उरलाच, आणि सगळा हिशेब त्या वेळेचाच आहे.

समजा एका लग्नाचे निवडलेले 600 फोटो ग्राहकाला द्यायचे आहेत. कलर करेक्शनला प्रत्येकी एक मिनिट धरले तर 10 तास होतात. त्यातले अल्बममध्ये जाणारे 120 फोटो रिटच करायला प्रत्येकी आठ मिनिटे धरली तर आणखी 16 तास. पण 600 च्या 600 फोटोंना रिटचिंग करायचे म्हटले तर 80 तास लागतील, म्हणजे रोज आठ तास बसणाऱ्या माणसाचे दहा दिवस. हे गणित ई-मेलमध्ये दोन ओळींत मांडले तर ग्राहकाला बरेच काही आपोआप कळते. अल्बममधल्या फोटोंचेच रिटचिंग का, हा प्रश्न मग सहसा येत नाही.

ठरलेल्या रकमेतल्या रिटचिंगची हद्द आखताना बहुतेक अनुभवी फोटोग्राफर एकच कसोटी लावतात: खूण तात्पुरती आहे की कायमची? लग्नाच्या आठवड्यात उठलेला मुरूम, बांगडी लागून आलेला ओरखडा, मंगलाष्टका चालू असताना कपाळावर चमकणारा घाम, पसरलेले काजळ, मुंडावळ्यांखाली ओघळलेले कुंकू, आदल्या दिवशीच्या हळदीचा केसांच्या कडेला आणि कानामागे राहिलेला पिवळेपणा हे सगळे महिन्याभराने त्या व्यक्तीवर नसते. ते काढल्याने माणूस बदलत नाही, म्हणून ते न विचारता काढले जाते. तीळ, जुना व्रण, जन्मखूण, दातांमधली फट या त्या माणसाच्या ओळखीचा भाग असतात. त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि विचारायचे ते ज्याचा चेहरा आहे त्यालाच. सुनेच्या हनुवटीवरचा तीळ काढा असे सासूबाईंनी कळवले, तर आधी सुनेचे मत घेणे फोटोग्राफरचे कर्तव्य आहे. कायमची खूण काढण्यात एक व्यावहारिक अडचणही असते. ती एका फोटोतून काढून चालत नाही, त्या व्यक्तीच्या प्रत्येक जवळून काढलेल्या फोटोतून काढावी लागते. नाहीतर अल्बमच्या एका पानावर तीळ आहे आणि पुढच्या पानावर नाही, असे होते. म्हणून ते काम जादा पैशांत मोडते.

त्वचा ‘स्मूथ’ करण्याची मर्यादाही ई-मेलमध्ये यायला हवी. त्वचेचा रंग असमान असेल तर तो सारखा करता येतो, पण तिचा पोत, म्हणजे बारीक रंध्रे आणि रेषा, तसाच राहिला पाहिजे. घाईने केलेले काम ओळखणे अवघड नाही. फोटो पूर्ण आकारात उघडला की नथीच्या मोत्यांची कड विरघळलेली दिसते, पापण्यांचे केस पुसट होतात, मंगळसूत्राचे काळे मणी गळ्यात मिसळतात, आणि चेहरा एका रंगाचा तर मान दुसऱ्याच रंगाची दिसते. शरीर बारीक केलेला फोटो पाठीमागच्या सरळ रेषांवरून कळतो: मांडवाचा खांब कमरेजवळ वाकलेला असतो, किंवा नऊवारीचा जरीचा काठ तिथे लाट घेतो. हे टाळून शरीराचा आकार बदलणे हे कष्टाचे काम आहे. कोणी मागितले तर त्याची वेगळी किंमत लावली जाते.

‘जरा गोरे करा’ ही मागणी मात्र किंमत सांगून स्वीकारण्यासारखी नाही, आणि तसे ई-मेलमध्ये स्वच्छ लिहिलेले बरे. चेहरा उजळला की मेंदी काढलेले हात सावळे राहतात. हातही उजळले तर मेंदीचा रंग फिका पडतो, आणि कुटुंबाच्या फोटोत मुलगी तिच्याच बहिणींमध्ये परकी दिसू लागते. चेहऱ्यावर उजेड कमी पडला असेल तर तो भरून काढणे हे फोटोग्राफरचे काम आहे. माणसाचा रंग बदलणे हे नव्हे.

जादा पैशांच्या कामात पहिला मोठा भाग नको असलेल्या वस्तू काढण्याचा. इथे ग्राहकाला एक गोष्ट समजावून सांगावी लागते: वस्तू किती मोठी आहे याहून तिच्या मागे काय आहे याला महत्त्व असते. कोऱ्या भिंतीपुढची पाण्याची बाटली मिनिटभरात जाते, कारण तिच्या जागी भिंतीचाच रंग भरायचा असतो. तीच बाटली नवरीच्या शालूपुढे असेल तर तिच्यामागे झाकलेली नक्षी नव्याने रचावी लागते. बुट्ट्यांमधले अंतर, चुण्यांची दिशा आणि काठाची सावली जुळली नाही तर ठिगळ लगेच दिसते. अंतरपाट दूर होण्याचा क्षण सगळ्यांना टिपायचा असतो, म्हणून त्या फोटोत पाहुण्यांचे मोबाइल धरलेले हात हमखास येतात. हवेतला अक्षतांचा वर्षाव मात्र काढायचा नसतो. चेहऱ्यावर आलेला एखादा तांदूळ काढता येतो, पण सगळ्या अक्षता पुसल्या तर त्या क्षणाचे काही उरत नाही.

दुसरा भाग गटाच्या फोटोंचा. वीस-बावीस जण एका फोटोत असले की एकाचे तरी डोळे मिटतातच. म्हणून फोटोग्राफर अशा वेळी लागोपाठ पाच-सहा फोटो घेतो आणि गरज पडल्यास एका फोटोतला उघड्या डोळ्यांचा चेहरा दुसऱ्यात बसवतो. व्यवसायात याला हेड स्वॅप म्हणतात. ते जमण्यासाठी दोन्ही फोटोंत कॅमेरा त्याच जागी, उजेड तोच आणि मान साधारण त्याच दिशेला असावी लागते. आजोबांनी सहाही फोटोंत डोळे मिटले असतील, तर जेवणाच्या पंगतीतल्या फोटोतला त्यांचा चेहरा आणून बसवता येत नाही, कारण तिथे उजेड बाजूने आणि स्टेजवर समोरून येत असतो. तसा बसवलेला चेहरा कोणालाही खटकतो, नेमके काय चुकले ते सांगता आले नाही तरी. या कामाचे पैसे प्रति चेहरा लावणे योग्य. ‘प्रति फोटो’ एवढेच लिहिले तर बावीस जणांच्या फोटोतले सात चेहरे बदलून मागण्याला काही बंधन राहत नाही.

तिसरे काम भावनेने सर्वांत जड असते. लग्नाआधी वडील गेलेले असतात आणि कन्यादानाच्या फोटोत ते असावेत अशी इच्छा असते. हे करता येते, पण त्यासाठी ई-मेलमध्ये जुन्या फोटोविषयी नेमके सांगावे लागते. चेहरा चौकटीत मोठा असलेला, शक्यतो समोरच्या मऊ उजेडातला आणि मूळ फाइलमधला फोटो हवा. व्हॉट्सॲपवर अनेकदा पुढे पाठवलेल्या फोटोत चेहऱ्याचे तपशील उरत नाहीत. कागदी फोटो असेल तर तो मोबाइलने टिपण्याऐवजी स्कॅन करावा. बसलेल्या माणसाचा फोटो उभ्या रांगेत बसत नाही, चष्म्यावर फ्लॅशची चमक असेल तर डोळे सापडत नाहीत. हे काम दोन ते तीन तासांचे असते आणि ते सुरू करण्याआधी कच्चा नमुना कुटुंबाला दाखवला पाहिजे. कित्येकदा तो पाहिल्यावर घरच्यांनाच वाटते की वडिलांची तसबीर मागे भिंतीवर असलेला साधा फोटो अधिक खरा आहे.

कितीही पैसे दिले तरी न होणाऱ्या गोष्टी लिहायला बरेच फोटोग्राफर कचरतात, पण वाद तिथेच होतात. चेहऱ्याऐवजी मागच्या पडद्यावर फोकस बसला असेल तर चेहरा स्पष्ट करता येत नाही. हॅलोजनखाली पांढऱ्या उपरण्याचा भाग पूर्ण उडाला असेल, तर तिथे काही नोंदच झालेली नसते, त्यामुळे धाग्यांची वीण परत आणता येत नाही. रिसेप्शनचे जांभळे एलईडी दिवे आणखी फसवे असतात. कॅमेऱ्याचा सेन्सर लाल, हिरवा आणि निळा उजेड वेगवेगळा नोंदवतो आणि त्वचेचा नैसर्गिक रंग या तिन्हींच्या मिश्रणातून दिसतो. जांभळ्या दिव्यात लाल आणि निळा भरपूर असतो, हिरवा जवळजवळ नसतो. जो रंग नोंदलाच गेला नाही, तो नंतर वाढवायचा कुठून? असे फोटो काळे-पांढरे करणे हा प्रामाणिक उपाय असतो. लग्नाआधी सजावटवाल्याला चेहऱ्यावर पांढरा दिवा ठेवायला सांगणे हा त्याहून चांगला.

हे सगळे ई-मेलमध्ये तांत्रिक शब्दांत लिहिले तर उपयोग नाही. ‘लिक्विफाय’ किंवा ‘फ्रीक्वेन्सी सेपरेशन’ वाचून ग्राहकाला काही बोध होत नाही. ‘मुरूम’, ‘खुर्ची’, ‘मिटलेले डोळे’ हे शब्द त्याला कळतात, कारण फोटोत तो तेच पाहत असतो. वरच्या 600 फोटोंच्या लग्नासाठी असा ई-मेल लिहिता येईल. त्यातले दर केवळ उदाहरणादाखल आहेत.

सप्रेम नमस्कार,

सोबतच्या गॅलरीत आपल्या लग्नाचे 600 फोटो आहेत. या सर्वांचा उजेड, रंग आणि चौकट नीट केलेली आहे. यांतले 120 फोटो आपण अल्बमसाठी निवडावेत. त्या 120 फोटोंचे रिटचिंग ठरलेल्या रकमेतच आहे. त्यात वधू-वर आणि दोघांचे आई-वडील यांच्या चेहऱ्यावरचे मुरूम, ओरखडे, घामाची चमक, पसरलेले काजळ-कुंकू आणि हळदीचे डाग काढले जातील. साध्या पार्श्वभूमीवरच्या लहानसहान वस्तूही काढू.

पुढील कामांचे वेगळे पैसे पडतील. अल्बमबाहेरच्या फोटोचे रिटचिंग, प्रति फोटो 150 रुपये. तीळ, व्रण यांसारखी कायमची खूण काढणे, प्रति फोटो 50 रुपये. त्यासाठी त्या व्यक्तीची संमती लागेल. गटाच्या फोटोत चेहरा बदलणे, पहिल्या चेहऱ्याला 400 आणि त्याच फोटोतल्या पुढच्या प्रत्येकाला 200 रुपये. कपड्यांपुढची किंवा माणसांपुढची वस्तू काढणे, 500 रुपयांपासून. शरीराचा आकार बदलायचा असल्यास फोटो पाहून दर सांगू. फोटोत नसलेली व्यक्ती बसवणे, 2500 रुपये. आधी नमुना दाखवू. या रकमांवर 18 टक्के जीएसटी लागेल.

त्वचेचा मूळ रंग आम्ही बदलत नाही. रिसेप्शनचे काही फोटो जांभळ्या दिव्यांमुळे रंगीत नीट होणार नाहीत. ते काळे-पांढरे करून दिले आहेत.

कृपया फोटोचा क्रमांक आणि हवे असलेले काम लिहून यादी पंधरा दिवसांत पाठवावी. किंमत कळवून आपला होकार आल्याशिवाय कोणतेही जादा काम सुरू होणार नाही.

या ई-मेलला कुटुंबाकडून पुढीलप्रमाणे उत्तर आले असे धरू. अल्बमबाहेरचे 14 फोटो फ्रेम करून भेट द्यायचे आहेत, त्यांचेही रिटचिंग हवे. बावीस जणांच्या फोटोत आजोबांचे डोळे मिटले आहेत आणि पुतण्याने मान वळवली आहे. अंतरपाटाच्या फोटोत नवऱ्या मुलाच्या शेरवानीपुढे कोणाचा तरी मोबाइल आला आहे. कन्यादानाच्या फोटोत वधूचे दिवंगत वडील हवेत. वधूच्या हनुवटीवरचा तीळ काढावा. आणि स्टेजमागच्या कोऱ्या पडद्याजवळचा झाडू काढावा.

झाडू साध्या पार्श्वभूमीवर आहे, म्हणून त्याचे काही नाही. 14 फोटोंचे 2100 रुपये होतात. गटाच्या फोटोतल्या दोन चेहऱ्यांचे 600, मोबाइलचे 500 आणि वडिलांच्या फोटोचे 2500. तिळासाठी वधूचे जवळून काढलेले फोटो मोजले तर अल्बममध्ये ते 38 निघतात, म्हणजे 1900 रुपये. हा आकडा कळवताना फोटोग्राफर वधूचीच संमती मागतो. तिने नकार दिला तर ते काम यादीतून जाते आणि उरलेल्यांची बेरीज 5700 रुपये होते. त्यावर 1026 रुपये जीएसटी धरून एकूण 6726. फोटोग्राफरची जीएसटी नोंदणी नसेल तर तो कर लावू शकत नाही. तेव्हा बिल 5700 रुपयांचेच राहील. हा हिशेब कामाआधी लेखी गेला, तर शेवटच्या बिलात अनपेक्षित असे काही उरत नाही.

यादी कशी पाठवायची हेही ई-मेलमध्येच ठरवून द्यावे लागते. गॅलरीतल्या प्रत्येक फोटोला DSC_2417 सारखा क्रमांक असतो. ग्राहक अनेकदा स्क्रीनशॉट काढून, त्यावर लाल गोल करून व्हॉट्सॲपवर धाडतो. त्यात क्रमांक कापला जातो आणि एकाच विधीच्या तीस सारख्या फोटोंतला नेमका कोणता, हे शोधण्यात तास जातो. स्क्रीनशॉट चालेल, पण क्रमांकासह. तसेच शेवटचा शब्द कोणाचा, हे नाव घालून ठरलेले असावे. वधूकडची मंडळी एक यादी पाठवतात, वराकडची दुसरी, आणि दोन्हींत एकाच फोटोविषयी वेगळ्या सूचना असतात. ज्याने बुकिंग केले त्याच्याकडून एकत्र केलेली एकच यादी घ्यावी, आणि दोन्ही घरांनी खर्च वाटून घेतला असेल तर जादा कामाचे पैसे कोण देणार तेही त्याच यादीवर लिहून घ्यावे.

काम पूर्ण झाल्यावर रिटच केलेले फोटो पाहायला दिले जातात आणि दुरुस्तीची एक फेरी मोफत असते. फेरी म्हणजे एकदा, एकत्र दिलेल्या सगळ्या सूचना. रोज एक सूचना असे नव्हे. फोटो तपासताना ग्राहकाने ते मोबाइलवर बोटांनी कमाल ताणून बघू नयेत. बारा बाय छत्तीस इंचांच्या अल्बम शीटवर साधारण चार फोटो येतात आणि एकेकाचा चेहरा तिथे दोन-तीन इंचांहून मोठा क्वचितच असतो, त्या मापात जे दिसणार नाही ते शोधून उपयोग नाही. उलट जो फोटो भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमसाठी जाणार आहे तो आधीच कळवावा, कारण त्याचे रिटचिंग अधिक बारकाईने करावे लागते. अल्बमची रचना मंजूर करून ती छपाईला गेली की त्यातला फोटो बदलणे म्हणजे पूर्ण शीट पुन्हा छापणे, आणि बांधणी झाली असेल तर अल्बम उसवणे; तो खर्च छपाईवाल्याच्या दराने ग्राहकाकडे येतो. रॉ फाइल आणि रिटचिंगचे थर असलेल्या फाइल फोटोग्राफर किती दिवस जपून ठेवणार, ती मुदतही ई-मेलच्या शेवटी तारखेसह लिहिलेली असावी. त्या मुदतीत एखादी दुरुस्ती मागितली तर आधीच्या कामावर पुढे काम करता येते. नंतर मागितली तर तयार जेपीईजीवरच करावी लागते, त्यात रंग आणि उजेड बदलायला फार कमी वाव उरतो, आणि दर तोच असला तरी काम तेवढे चांगले होत नाही.